सर्व्हेअरने क्लेम अर्ध्यावर आणला, सही करू का?

नमस्कार सर, माझं कोल्हापूर जिल्ह्यात इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप. जुलैच्या पुरात दुकानात साडेतीन फूट पाणी होतं. पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, स्टॉकचा विमा 20 लाखांचा. मी बिलं लावून 9,44,000 चा क्लेम टाकला. सर्व्हेअर साहेब दोनदा येऊन गेले, फोटो काढले, यादी केली, वागायला चांगले होते. आता दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक शीट पाठवलीये, त्यात 4,98,289 आलेत आणि सोबत संमतीपत्र, "सही करून पाठवा म्हणजे फाईल पुढे जाईल." एजंट म्हणतो घ्या आणि मोकळे व्हा, नाहीतर काहीच मिळणार नाही. शेजारचे म्हणतात सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द, कोर्टात पण बदलत नाही. भिजलेला माल अजून गोदामातच आहे, वास मारतोय. शीट जोडली आहे. काय करू?

---

नमस्कार दादा,

आधी ते संमतीपत्र बाजूला ठेवा, आज सही करू नका आणि "नाही" असंही कळवू नका. शीट मी दोनदा बघितली. मी स्वतः बरीच वर्षं हेच काम केलंय त्यामुळे अशी शीट आली की आधी खालचा आकडा न बघता मधली एक ओळ शोधतो, आणि तुमचा घोळ बरोबर त्याच ओळीत आहे.

शीट वरून खाली अशी चाललीये. तुमचा क्लेम 9,44,000. त्यातून जीएसटी काढून नुकसान धरलं 8,00,000, म्हणजे तुम्ही बिलाची टोटल लावली होती आणि त्यांनी 18 टक्के वेगळे केले. मग डेड स्टॉक म्हणून 10 टक्के कापले, राहिले 7,20,000. मग सॅल्व्हेज, म्हणजे भिजलेला माल विकून येईल असं धरलेली किंमत, 15 टक्के, राहिले 6,12,000. इथपर्यंत मला फार काही खुपत नाही, थोडं आहे ते पुढे सांगतो. त्याच्या खालच्या ओळीत मात्र लिहिलंय, व्हॅल्यू ॲट रिस्क 24,32,000, सम इन्शुअर्ड 20,00,000, म्हणून अंडरइन्शुरन्स, आणि 6,12,000 चे झाले 5,03,289. एक्सेसचे, म्हणजे क्लेममधले तुम्ही स्वतः सोसायचे, 5,000 गेले की 4,98,289.

म्हणजे या एकाच ओळीत तुमचे 1,08,711 रुपये गेलेत, आणि लोक भांडतात कुठे तर डेड स्टॉकवर, कारण तो शब्द ऐकून राग येतो, अंडरइन्शुरन्स ऐकून माणूस फक्त गप्प होतो.

व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे काय तर पाणी शिरलं त्या दिवशी तुमच्या दुकान-गोदामात एकूण किती रुपयांचा माल होता, भिजलेला आणि कोरडा सगळा मिळून. विमा कंपनीचं म्हणणं असं की तुमच्याकडे 24 लाखांचा माल आणि प्रीमियम भरला 20 लाखांवर, मग वरच्या चार लाखांची जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतली होती, तर नुकसानीतला तेवढा वाटाही तुमचाच. याला ॲव्हरेज लावणं म्हणतात. तत्त्व बरोबर आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण तुमच्या पॉलिसीत एक सवलत आहे, अंडरइन्शुरन्स 15 टक्क्यांच्या आत असेल तर तो माफ, ॲव्हरेज लावायचंच नाही. आणि 15 च्या वर गेला की मात्र नुसत्या वरच्या भागावर नाही, पूर्ण प्रमाणात कापतात. म्हणजे मध्ये एक उंबरठा आहे, अलीकडे पूर्ण पैसे, पलीकडे पाऊल पडलं की लाखभर गायब. तुमच्या 20 लाखांसाठी तो उंबरठा येतो साधारण 23 लाख 53 हजारांवर, 20 लाखांना 0.85 ने भागून बघा. सर्व्हेअरचा आकडा 24,32,000, म्हणजे तुम्ही फक्त 79 हजारांनी पलीकडे पडलाय.

आता तो 24,32,000 आला कुठून ते बघू, कारण पुरानंतर दुकानातला प्रत्येक डबा कोणी मोजत बसत नाही, तो वह्यांवरून काढतात. 1 एप्रिलचा ओपनिंग स्टॉक घ्यायचा, त्यात पुराच्या दिवसापर्यंतची खरेदी मिळवायची, आणि विकल्या गेलेल्या मालाची मूळ किंमत वजा करायची. विक्रीचा आकडा नफ्यासकट असतो म्हणून त्यातून मागच्या वर्षांच्या ग्रॉस प्रॉफिटच्या टक्क्याने नफा काढून टाकतात. तुमच्या शीटच्या दुसऱ्या पानावर ते आहे: ओपनिंग 14,60,000, खरेदी 16,52,000, विक्री 8,00,000 आणि 15 टक्के नफा काढून तिची किंमत 6,80,000. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, 24,32,000 येतात.

पण तुमच्या ताळेबंदातला ओपनिंग स्टॉक जीएसटीशिवाय आहे, तुम्ही इनपुट क्रेडिट घेता त्यामुळे तसाच असणार. विक्री पण जीएसटीशिवाय घेतलीये. आणि खरेदी? 16,52,000 ला 1.18 ने भागा. बरोबर 14,00,000 येतात. म्हणजे खरेदी बिलांच्या टोटलवरून उचललीये, टॅक्ससकट. एका बादलीत दोन वेगळी मापं ओतली गेली. खरेदी 14,00,000 घेतली तर 14,60,000 अधिक 14,00,000 वजा 6,80,000 म्हणजे 21,80,000. आता अंडरइन्शुरन्स किती? सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. माफ. ॲव्हरेजची ओळच उडाली, आणि 6,12,000 मधून 5,000 जाऊन 6,07,000 तुमचे.

आणि अजून गंमत म्हणजे नुकसान धरताना त्यांनी तुमचा जीएसटी काढून टाकला आणि जोखीम मोजताना तोच घातला. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, ऑफिसातल्या मुलाने खरेदी रजिस्टरचा शेवटचा कॉलम उचलला असेल, पुराच्या सीझनला एकेका सर्व्हेअरकडे किती फाईली असतात ते मला माहितीये. व्हॅटच्या काळात मी स्वतः एका कापडवाल्याच्या फाईलमध्ये हीच चूक केली होती आणि त्याच्या म्हाताऱ्या दिवाणजीने माझ्यासमोर पेन्सिलीने गोल काढून दाखवली, अजून आठवतं.

आता तुमच्या डोक्यात येईल की मग मी जीएसटी दोन्हीकडे घालायला सांगतो, नुकसान पण 9,44,000 होईल. थांबा, ते करू नका. नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे उलटवावं लागतं, त्यामुळे तो टॅक्स हा तुमचा खरा खर्च आहे आणि मागणं चूक नाही. पण मग जोखीमही टॅक्ससकट मोजायला लागेल, 21,80,000 चे होतील 25,72,400, अंडरइन्शुरन्स 22 टक्क्यांवर जाईल आणि ॲव्हरेज परत येऊन बसेल. मी करून बघितलं, तसं केलं तर हातात 5,56,468 येतात. म्हणजे जास्त मागून पन्नास हजार कमी मिळणार. टॅक्सशिवायच्या मापावर ठाम राहा. क्रेडिट मात्र क्लेम मिळो न मिळो उलटवावं लागेल, भंगारात का होईना बिल करून विकाल त्या मालाचा हिशोब वेगळा, ते सीएशी बोलून घ्या.

एक गोष्ट खरी खरी सांगा, मला नाही, स्वतःलाच. बँकेची कॅश क्रेडिट आहे ना? मग जूनअखेरचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला दिलं असेल. त्यात किती लिहिलंय? आपल्याकडे ड्रॉइंग पॉवर वाढावी म्हणून 22 चा माल 27 दाखवायची पद्धत आहे, सगळे करतात, आणि पूर आला की तोच कागद सर्व्हेअर समोर ठेवतो, "तुम्हीच बँकेला लिहून दिलंय." तुमच्या शीटमध्ये तो आकडा वापरलेला नाही हे नशीब. स्टेटमेंट 21-22 लाखांच्या आसपास असेल तर पत्राला स्वतःहून जोडा, तुमचीच बाजू भक्कम होते. 25-26 असेल तर समजून चला की कंपनी तो मुद्दा काढू शकते, आणि तेव्हा ऑडिट झालेला ओपनिंग स्टॉक आणि जीएसटी रिटर्नशी जुळणारी खरेदी-विक्री हेच उत्तर, तोंडी काहीही नाही.

आता डेड स्टॉकचे 80,000. चार महिन्यांत तुमचा 6,80,000 चा माल गेला म्हणजे वर्षाला साधारण वीस लाख, आणि दुकानात कायम पंधरा-वीस लाखांचा माल. इलेक्ट्रिकलमध्ये जुने होल्डर, बंद झालेल्या मॉडेलचे स्विच, कोणी न नेलेल्या फिटिंगा असतातच हो, त्यामुळे पूर्ण 10 टक्के काढून टाका म्हणाल तर कोणी ऐकणार नाही. पण सरसकट 10 का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भिजलेल्या यादीतल्या मोठ्या वीस-पंचवीस आयटमसमोर शेवटच्या खरेदीची तारीख लिहा. सहा-आठ महिन्यांतली बिलं निघाली तर तो माल डेड कसा, हा प्रश्न त्यांनाच अडचणीचा होतो. निम्मी कपात कमी झाली तरी पुष्कळ.

सॅल्व्हेजचं वेगळं. कापलेली सॅल्व्हेज म्हणजे माल तुमच्याकडे राहिला आणि त्याची तेवढी किंमत येईल असं धरलंय. वायरची बंडलं, पीव्हीसी पाइप धुऊन पुसून काही भावाला जातात, तांब्याला तर भंगारातही भाव आहे. पण एमसीबी, एलईडी, फॅनच्या मोटारी यांच्यात चिखलाचं पाणी गेलं की त्या विकणंच चूक, उद्या कोणाच्या घरात शॉर्ट सर्किट झालं तर? तर दोन भंगारवाल्यांकडून लेटरहेडवर कोटेशन घ्या, आणि लिहा की हा माल 1,08,000 ला जातो असं सर्व्हेअरचं म्हणणं असेल तर कंपनीने त्या भावात गिऱ्हाईक आणावं आणि माल उचलावा, आम्ही द्यायला तयार आहोत. या एका वाक्याने बऱ्याच सॅल्व्हेज टक्केवाऱ्या खाली येतात, आमच्या लाईनमधली जुनी युक्ती आहे.

गाळ काढायला माणसं लावली असतील त्याची बिलं दिलीत का? शीटमध्ये दिसत नाहीत. तुमच्या पॉलिसीत मलबा हटवण्याचा खर्च क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो, दहा-बारा हजार का असेना, मागा.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. सर्व्हेअर कंपनीने नेमलेला असतो, फी कंपनी देते, पण लायसन्स विमा नियामक आयआरडीएआयचं असतं आणि तो कंपनीचा नोकर नसतो. त्याचा रिपोर्ट महत्त्वाचा कागद आहे, कंपनीला किंवा कोर्टाला तो सहज फेकून देता येत नाही. पण शेवटचा शब्द? अजिबात नाही. विमा कायद्याच्या कलम 64 यूएम मध्येच लिहिलंय की सर्व्हेअरने काढलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम द्यायचा कंपनीला अधिकार आहे. आणि सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की सर्व्हे रिपोर्ट हा सेटलमेंटचा पाया असू शकतो पण तो बंधनकारक नाही, त्यापासून बाजूला जाता येतं. फक्त बाजूला जायला कारण लागतं, आणि "मला कमी वाटतं" हे कारण नाही. 16,52,000 भागिले 1.18 हे कारण आहे.

म्हणून पहिलं पत्र सर्व्हेअरला ईमेलने, कॉपी कंपनीच्या क्लेम विभागाला. व्हॉट्सॲपवर वाद घालू नका, फोनवर तर नकोच. सर्व्हेअरांच्या 2015 च्या नियमावलीत आहे की रिपोर्टची कॉपी विमाधारकालाही द्यायची आणि विमाधारकाची असेसमेंटला संमती आहे की नाही यावर शेरा मारायचा. म्हणजे "संमती नाही" हा सुद्धा रिपोर्टमध्ये यायचा मजकूर आहे, तुम्ही सही केली नाही तर फाईल अडते हे खरं नाही. फार लांबड लावू नका, एवढं पुरे:

"आपली असेसमेंट शीट मिळाली. व्हॅल्यू ॲट रिस्क काढताना खरेदी जीएसटीसह 16,52,000 धरली आहे, ओपनिंग स्टॉक, विक्री आणि नुकसान मात्र जीएसटीशिवाय आहेत. जीएसटीशिवाय खरेदी 14,00,000 असून त्याप्रमाणे व्हॅल्यू ॲट रिस्क 21,80,000 येते आणि अंडरइन्शुरन्स 15 टक्क्यांच्या आत राहतो. सीएचं प्रमाणपत्र, ट्रेडिंग अकाउंट आणि खरेदी रजिस्टर जोडले आहे. कृपया दुरुस्ती करावी. डेड स्टॉक आणि सॅल्व्हेजच्या टक्केवारीचा आधार कळवावा. सध्याच्या असेसमेंटला माझी संमती नाही."

सीएकडून 1 एप्रिल ते पुराच्या दिवसापर्यंतचं ट्रेडिंग अकाउंट करून घ्या, जीएसटी रिटर्नशी जुळवून. खर्च होईल थोडा पण सगळी केस त्या एका कागदावर उभी राहते. माझा अंदाज आहे की जीएसटीची चूक इतकी उघडी असल्यामुळे पहिल्याच पत्रात काम होईल, बहुतेक सर्व्हेअर अशी चूक दाखवली की निमूटपणे सुधारित रिपोर्ट देतात.

नाही झालं तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार, ईमेल आयडी पॉलिसीवर असतो. दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. सोबत bimabharosa.irdai.gov.in वर पण टाका, नंबर मिळतो आणि ती तक्रार कंपनीकडेच जाते पण वरून नजर असते. आयआरडीएआय स्वतः तुमचा आकडा ठरवून देणार नाही हे लक्षात ठेवा, अनेकांचा तिथे गैरसमज होतो.

उत्तर नकाराचं आलं, किंवा महिनाभर आलंच नाही, तर विमा लोकपाल. तुम्ही प्रोप्रायटर आहात म्हणून तिथे जाता येतं, प्रायव्हेट लिमिटेड मोठी कंपनी असती तर दार बंद होतं. तुमच्यासाठी ऑफिस पुण्याचं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, आणि कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीला पाळावा लागतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही बांधलेले नाही. फक्त तोच वाद आधी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात टाकला असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. ग्राहक आयोग त्यानंतर, दोन वर्षांच्या मुदतीत. तिथे पायरी कुठली हे आता भरलेल्या पैशावरून ठरतं, विम्यात भरलेला पैसा म्हणजे प्रीमियम, त्यामुळे तुमची केस जिल्हा आयोगातच आणि फी शून्य. धंद्याच्या पॉलिसीला ग्राहक आयोग चालत नाही असं कोणी सांगेल, तर सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हरसोलिया मोटर्सच्या केसमध्ये तो मुद्दा निकाली काढलाय. पण वेळ जातो, एक लाखासाठी मी तरी लोकपालावरच थांबेन.

मधल्या काळात पैशाची ओढ असेलच, दुकान पुन्हा भरायचंय. कंपनीला लिहा की ज्या 4,98,289 वर वाद नाही ते आत्ता सोडा, उरलेल्या रकमेचा हक्क राखून. कधी देतात, कधी डिस्चार्ज व्हाउचर पुढे करतात ज्यावर "पूर्ण आणि अंतिम" छापलेलं असतं. पैसे घ्यावेच लागले तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने "निषेध नोंदवून स्वीकारले, उर्वरित रकमेचा हक्क राखून" असं लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी तेच ईमेलनेही कळवा. व्हाउचरवर सही घेतली म्हणून ग्राहकाचा दाद मागायचा हक्क संपवू नका असं आयआरडीएआयने 2015 मध्ये कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलंय. तरी निमूट सही करून सहा महिन्यांनी "मला दबाव होता" म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागतं, आणि अशात पुष्कळ जण हरलेले मी पाहिलेत. आणि हो, पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर पैसे तुमच्या सीसी खात्यात जमा होतील, व्यापाऱ्यांचा हिशोब तिथे चुकतो, मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा.

गोदामातला माल. वास मारतोय म्हणून घाईने फेकू नका, पण पावसाळी ओल धरून महिनोन् महिने ठेवायलाही कोणी सांगत नाही. सर्व्हेअर आणि कंपनी दोघांना ईमेल करा की आपली तपासणी झाली आहे, सात दिवसांत माल बघायचा किंवा उचलायचा असेल तर कळवा, नाहीतर कोटेशनप्रमाणे विकून टाकतो. सात दिवस गेले की एलईडी, एमसीबी, मोटारी वेगळ्या, वायर वेगळी असे ढीग लावून फोटो काढा, वजनकाट्याची पावती घ्या, भंगारवाल्याला बिल करून द्या. त्या बिलावर जी रक्कम येईल तीच तुमची खरी सॅल्व्हेज, ती ईमेलने कंपनीला पाठवा आणि 1,08,000 च्या जागी ती धरा म्हणा.